तुमच्या यूट्यूब मालिकेतला कुठला भाग हळू वाजतो?

यूट्यूबवर चालू व्हिडिओवर राइट क्लिक करून Stats for nerds उघडा आणि content loudness हा आकडा प्रत्येक भागासाठी टिपून घ्या. त्या भागाचा सरासरी आवाज यूट्यूबच्या ठरलेल्या पातळीपेक्षा किती वर किंवा खाली आहे, ते तो सांगतो. मोठा आवाज यूट्यूब स्वतः खाली आणतं, पण हळू आवाज सहसा वर चढवत नाही. म्हणून उणे आकड्यांकडेच बघा. बाकी भाग -1dB च्या आसपास आणि पाचवा -8dB असेल, तर तो नक्कीच पुटपुटल्यासारखा वाटणार.

मग यूट्यूब स्टुडिओत पाचव्याचा रिटेन्शन ग्राफ, म्हणजे प्रेक्षक कुठे सोडून जातात ते दाखवणारा आलेख, उघडा. सुरुवातीची गळती सगळ्याच भागांत असते, ती शेजारच्या भागांशी ताडून बघा. मधेच घसरण दिसली तर तिथला आवाज इअरफोनशिवाय, फोनवर ऐका. संगीत दणदणीत आणि लगेच बोलणं बारीक, असं असेल तर सरासरी आकडा ते लपवतो.