नवीन शेळ्या आणल्यावर क्वारंटाईनमध्ये या चुका टाळा

मागच्या पावसाळ्यात बाजारातून सहा उस्मानाबादी शेळ्या आणल्या आणि शेडच्याच एका कोपऱ्यात जाळी लावून बांधल्या, वाटलं झालं क्वारंटाईन. पाचव्या दिवशी एकीच्या नाकातून पाणी यायला लागलं, मी म्हटलं टेम्पोत गार वारं लागलं असेल. दोन दिवसात तेच पाणी घट्ट पिवळं झालं, डोळ्यांच्या कडा चिकटल्या, हिरड्यांवर कोंडा सांडल्यासारखे फोड दिसले, मग हगवण. डॉक्टरांनी पीपीआर हा शेळ्या-मेंढ्यांचा साथीचा आजार सांगितला. तोवर माझ्या जुन्या शेळ्यांची तीन करडं पण आजारी पडली होती आणि त्यातली दोन गेली.

चूक नुसती जाळीची नव्हती, बादलीचीही होती. एकच बादली, एकच घमेलं, एकच मी. पीपीआर नाकाडोळ्यांच्या पाण्यातून, शिंकेतून, लेंडीतून पसरतो, म्हणजे तो शिंकेच्या तुषारांतून आणि माणसाच्या हातापायाने जाळी सहज ओलांडतो. आता नवीन शेळ्या वेगळ्या छपराखाली, शेडपासून जमेल तेवढ्या लांब. त्यांची बादली, गव्हाण, झाडू वेगळा, आणि काम आधी जुन्या शेळ्यांचं, नव्यांचं सगळ्यात शेवटी. तिकडचे गमबूट तिकडेच ठेवायचे. दारात औषधाचं पाणी ठेवत असाल तर आधी ब्रशने बूट घासून धुवा, कारण लेंडी चिकटलेला बूट नुसता बुडवला तर औषधाचा काही उपयोग होत नाही.

दुसरी चूक दिवस मोजण्यातली. आठवडाभर चांगल्या दिसल्या की लोक सोडतात. पीपीआरची लक्षणं साधारण चार-सहा दिवसांत दिसतात पण दहा दिवसही लागू शकतात, आणि एका शेळीकडून दुसरीला लागायला परत तेवढेच दिवस जातात, म्हणून किमान 21 दिवस, जमलं तर 30. आणि विसाव्या दिवशी त्यात एक नवीन बोकड आणून बांधला की सगळ्यांची मोजणी परत पहिल्या दिवसापासून, इथे भलेभले चुकतात.

शेळ्या आणल्या त्याच दिवशी लस टोचून दुसऱ्या दिवशी कळपात सोडणं ही तर फारच महागात पडणारी चूक. प्रवासाने थकलेल्या शेळीला आधी चार-पाच दिवस चारा-पाणी नीट खाऊ द्या, ताप नसेल तर डॉक्टरांकडून लस टोचून घ्या, प्रतिकारशक्ती तयार व्हायला दोन-तीन आठवडे लागतात. खरं तर आपल्या जुन्या शेळ्यांना नवा माल आणायच्या महिनाभर आधीच पीपीआरची लस झालेली हवी.

रोज सकाळी ऊन चढायच्या आत थर्मामीटर लावून वहीत लिहा. 102-103 ठीक, 104 च्या वर गेलं की ती शेळी लगेच बाकीच्यांपासून बाजूला आणि डॉक्टरांना फोन. नाक वाहायची वाट बघू नका, ताप त्याच्या आधी येतो. माझ्या त्या शेळीला तो आलाच असणार, मी कधी मोजलाच नव्हता.

एक मात्र लक्षात ठेवा, शेळ्या गाभडवणारे ब्रुसेलासारखे आजार 21 दिवसांत बाहेरून दिसत नाहीत, शेळी नुसती धडधाकट दिसते. त्यामुळे पैदाशीचा बोकड किंवा गाभण शेळी आणली असेल तर क्वारंटाईनमध्येच रक्ताची तपासणी करून घ्या, आणि रिपोर्ट येईपर्यंत तो बोकड शेळ्यांवर सोडू नका.