चौथा महिना म्हणजे कुठला महिना?

फेलोशिपच्या प्रपोजलमधला टाइमलाइनचा परिच्छेद मी एका सीनियरच्या फाइलवरून उचलला होता. तक्ता सुबक, खाली एक ओळ: "महिना १ ते ३ वाचन व परवानग्या, महिना ४ ते ५ पावसाआधीचे नमुने, महिना ६ ते ८ पावसाळी नमुने." विषय होता खाजन, म्हणजे गोव्यातल्या खाडीकाठच्या बांध घातलेल्या शेतजमिनीतली खारटाण. जानेवारीत रुजू होईन असं धरलं होतं, म्हणजे चौथा-पाचवा महिना एप्रिल-मे. अगदी बरोबर.

मंजुरीचं पत्र मार्चमध्ये आलं. मार्चच्या मध्यापासून मोजलं तर चौथा महिना सुरू झाला जूनच्या मध्यावर.

गोव्यात जूनच्या पहिल्या आठवड्यात पाऊस लागतो आणि खाजनातलं मीठ धुऊन जायला सुरुवात होते. कोरगुट हा खारटाण सोसणारा भात पेरण्याआधी शेतकऱ्याला नेमकं तेच हवं असतं. मला मात्र मीठ धुऊन जाण्याआधीची माती हवी होती. १२ जूनला चोडण बेटाची फेरीबोट धरून गेलो तेव्हा शेतात पोटरीभर पाणी होतं. तरी चिखल भरून आणला आणि प्रयोगशाळेच्या व्हरांड्यात वर्तमानपत्रांवर पसरला. मे महिन्यात चार दिवसांत वाळणारी माती जुलैत वाळेना. तिसऱ्या आठवड्यात तिच्यावर बुरशी आली. एका पावसाळ्याची बोंब झाली आणि पुढच्या एप्रिलपर्यंत थांबावं लागलं. तीन वर्षांच्या फेलोशिपमधलं जवळजवळ एक वर्ष गेलं, उशीर झाला होता फक्त अडीच महिन्यांचा.

सापळा तो हाच, म्हणून जरा ताणून सांगतो. प्रत्येक टप्प्यासमोर एकच प्रश्न लिहा: हे एक महिना उशिरा झालं तर पुढचं किती सरकेल? वाचन एक महिना लांबलं तर पुढचं सगळं फार तर एक महिना सरकतं. मेमधले नमुने एक महिना चुकले तर अकरा महिने जातात. तक्त्यात दोन्हींच्या पट्ट्या सारख्याच दिसतात, म्हणून तर फसायला होतं. ज्या टप्प्याचं उत्तर 'अकरा' येईल, त्याची खिडकी महिन्याच्या क्रमांकाने लिहूच नका, तारखेने लिहा.

"शेवटी सहा महिने बफर ठेव" हा सल्ला सगळेच देतात. माझ्या गाइडनीही दिला होता, आणि त्यांच्याबद्दल आदर ठेवूनही सांगतो, तो कुचकामी आहे. शेवटचे सहा महिने गेलेला मे परत आणत नाहीत. मोकळीक खिडकीच्या आधी हवी.

दुसऱ्या खेपेला परिच्छेद असा लिहिला:

"पावसाआधीचे नमुने १५ एप्रिल ते २० मे. त्यासाठी दोन्ही खाजनांच्या टेनंट असोसिएशनची लेखी संमती ३१ मार्चपर्यंत हवी. अर्ज डिसेंबरमध्ये देणार. एकाच खाजनाची संमती आल्यास बाराऐवजी सहा ठिकाणी काम होईल आणि तुलना खाजनांऐवजी मानशीपासूनच्या, म्हणजे बांधातल्या पाण्याच्या दारापासूनच्या, अंतरानुसार राहील. रुजू होण्याची तारीख १ मार्चनंतर गेल्यास पहिला मे सोडून काम पावसाळ्यानंतरच्या नमुन्यांपासून सुरू होईल."

शेवटचं वाक्य लिहिताना हात कापत होता. मे सोडण्याची कबुली दिली की प्रपोजल नाकारतील असं वाटायचं. तसं काही झालं नाही. समितीने विचारलं ते प्रयोगशाळेबद्दल, आणि तिथेही मी थोडा उघडा पडलो. १२ ठिकाणं, जमिनीत दोन खोलींवर, प्रत्येकी तीन नमुने, म्हणजे ७२. माती भिजवून लगदा करायचा, रात्रभर ठेवायचा, सकाळी पंपाने पाणी ओढून खारटाण कळण्यासाठी त्याची विद्युतवाहकता मोजायची. माझ्या वाट्याच्या फनेलांवर दिवसाला सहा व्हायचे, म्हणजे १२ दिवस. मी तेवढेच लिहिले होते. पंप तिघांत एक आहे, हे लिहिलं नव्हतं. मग चार आठवडे केले.

जोखमीच्या रकान्यात "अनपेक्षित विलंब, उपाय : काटेकोर देखरेख" असलं काही लिहू नका, कृपा करून. जोखीम लिहायची तर ती कधी कळेल ती तारीख लिहा आणि त्या दिवशी काय सोडणार ते लिहा. संमतीचं वर दाखवलंय तसं. मानशीची पावणी, म्हणजे लिलाव, होऊन नवा माणूस आला की पाणी कधी सोडायचं हे बदलतं; तेही मी घातलं, कारण पाणी भरलेलं असेल तर नमुना घेता येत नाही.

घाबरू नका, हा परिच्छेद दोन संध्याकाळींत होतो. मला दीड वर्ष लागलं, ती गोष्ट वेगळी.

पुढच्या वर्षी १७ मेलाच वळीव आला. बारापैकी दहा ठिकाणं झाली होती. उरलेल्या दोन ठिकाणांसमोर अहवालात "पावसानंतर" असं लिहिलं आणि ती तुलनेतून वगळली.