जांभळी पडलेली बोटे: थंडीची सूज की अडलेला रक्तपुरवठा?

ग्वाल्हेरमध्ये पौष महिन्यात धुके दाटले आणि दिवसचे दिवस ऊन दिसेनासे झाले की पायांची बोटे सुजून जांभळी पडल्याची तक्रार घेऊन रुग्ण येऊ लागतात. या विकाराला चिलब्लेन म्हणतात. त्यासाठी बर्फ पडावा लागत नाही. दमट गारठा आणि ओले पाय एवढे पुरेसे असते. बाह्यरुग्ण विभागात नव्याने रुजू होणाऱ्या डॉक्टरांसाठी मी हे लिहीत आहे, कारण पहिल्याच हिवाळ्यात माझ्या हातून याच निदानात चूक झाली होती.

लष्कर भागातील दोन मराठी रुग्ण एकाच सकाळी आले होते. पहिली एकोणीस वर्षांची, अंगाने बारीक अशी विद्यार्थिनी होती. तिच्या दोन्ही पायांच्या तीन-तीन बोटांवर लालसर जांभळे, दाबल्यास दुखणारे फुगवटे होते. ती म्हणाली, "दिवसा फारसं जाणवत नाही, पण रात्री रजईत पाय गरम झाले की इतकी खाज आणि आग होते, की पाय बाहेर काढावे लागतात." दुसरे अठ्ठावन्न वर्षांचे, तीस वर्षे विडी ओढणारे गृहस्थ होते. त्यांच्या उजव्या पायाचा अंगठा आणि शेजारचे बोट जांभळे पडले होते, आणि तेही रात्री पाय रजईबाहेर काढत होते. हे साम्य ऐकून मी दोघांच्याही कागदावर चिलब्लेन लिहिले.

पाय बाहेर काढून रुग्ण काय करतो, हे मी विचारलेच नव्हते. वरिष्ठांनी विचारले तेव्हा काका म्हणाले, "पलंगावरून खाली लोंबता सोडला की कळ थांबते, वर घेतला की पुन्हा सुरू होते." मुलीला पायाला गारवा हवा होता, तर काकांच्या पायाला रक्त हवे होते. चिलब्लेनमध्ये थंडीने आकसलेल्या सूक्ष्म रक्तवाहिन्यांतून, पाय पुन्हा गरम होताना, द्रव आजूबाजूच्या ऊतीत झिरपतो. म्हणून उबेने त्रास वाढतो आणि फुगवटे बहुधा गारठा लागल्यानंतर काही तासांनी किंवा दुसऱ्या दिवशी उमटतात. मोठी रोहिणी अरुंद झालेली असेल, तर आडवे पडल्यावर बोटांपर्यंत पुरेसे रक्त पोहोचत नाही आणि पाय खाली सोडल्यावर गुरुत्वाकर्षणाची मदत मिळते. चालताना पोटरीत गोळा येतो का, असे विचारल्यावर काकांनी बाजारापर्यंत जाताना दोनदा थांबावे लागत असल्याचेही सांगितले.

त्यानंतर नाडी पाहिली. पाऊल गार असेल तर निरोगी माणसाची नाडीही हाताला लागत नाही, म्हणून आधी रुग्णाला दहा-पंधरा मिनिटे उबदार खोलीत बसवावे. पावलाच्या वरची आणि आतल्या घोट्यामागची अशा दोन्ही नाड्या तपासाव्यात, कारण पावलावरची नाडी काही निरोगी लोकांतही सापडत नाही. आपल्याच बोटातील ठोके रुग्णाचे समजण्याची चूक फार सहज होते. शंका आल्यास दुसऱ्या हाताने स्वतःच्या मनगटाची नाडी धरून ताल जुळतो का ते पाहावे. मुलीच्या चारही नाड्या स्पष्ट होत्या. काकांच्या उजव्या पावलात एकही लागली नाही आणि पाय मिनिटभर उचलून धरताच तळवा पांढरा पडला.

डॉपलरने काकांच्या दंडाचा वरचा रक्तदाब १४० आणि उजव्या घोट्याजवळच्या दोन नाड्यांचे ७० व ७८ असे दाब आले. यातील मोठा आकडा घ्यायचा असतो: ७८ भागिले १४०, म्हणजे सुमारे ०.५६. ०.९० किंवा त्याहून कमी गुणोत्तर रोहिणीतील अडथळा दाखवते. मात्र जुन्या मधुमेहात रोहिणीच्या भिंती कडक होऊन हे गुणोत्तर खोटेच चांगले येऊ शकते, त्यामुळे नाडी लागत नसताना केवळ चांगल्या आकड्यावर विसंबू नये. काकांना त्याच दिवशी रक्तवाहिन्यांच्या शल्यचिकित्सकांकडे पाठवले. मी आधी दिलेला "पाय शेकत जा" हा सल्ला त्यांच्यासाठी धोक्याचा होता. कमी रक्तपुरवठ्याची त्वचा थोड्या उष्णतेनेही भाजते आणि ती जखम भरून येत नाही.

शेगडीजवळ पाय धरून एकदम शेकणे मुलीलाही वर्ज्यच होते. तिला ओले मोजे लगेच बदलणे, पाय कोरडे ठेवणे, हळूहळू ऊब देणे आणि न खाजवणे एवढेच सांगितले, आणि दोन आठवड्यांत फुगवटे ओसरले. होळीनंतर ऊन तापू लागल्यावरही असे फुगवटे टिकून राहिले असते, तर मी ल्युपससाठी तिच्या रक्ताची तपासणी करून घेतली असती.