36 हजारांचं थकलेलं बिल आणि पाच रिमाइंडर

फ्रीलान्स डिझाइनमध्ये नवीन आलेल्यांसाठी लिहितेय. पैसे थकले की कधी आणि काय लिहायचं हे आम्हाला कॉलेजात कुणी शिकवलं नव्हतं, म्हणून माझं एक बिल सुरुवातीपासून सांगते. कोल्हापूरकडची एक मसाला कंपनी, पाच पाऊचचं पॅकेजिंग, एकूण 60 हजार. नोव्हेंबर 2024 मध्ये 24 हजार अ‍ॅडव्हान्स आला, 6 डिसेंबरला फायनल प्रिंट फाइल दिल्या आणि त्याच दिवशी उरलेल्या 36 हजारांचं इनव्हॉइस पाठवलं. मुदत 30 दिवस, म्हणजे 5 जानेवारी.

पहिला मेसेज मी मुदत संपायच्या आधीच टाकला, 2 जानेवारीला. "नमस्कार सर, 6 डिसेंबरच्या इनव्हॉइसची मुदत रविवारी संपतेय. बिल अकाउंट्सकडे पोचलंय ना, की माझ्याकडून अजून काही कागद हवेत?" एवढंच. यात पैसे मागितलेले नाहीत, समोरच्याला उत्तर देता येईल असा प्रश्न विचारलाय, आणि तसाच विचारा, कारण "पेमेंटचं बघा ना" म्हटलं की "बघतो" एवढंच उत्तर येतं आणि त्यातून काहीच कळत नाही.

उत्तर आलं नाही. 8 तारखेला दुसरा मेल केला, इनव्हॉइसची पीडीएफ परत जोडली, विषयात इनव्हॉइस नंबर, रक्कम आणि "मुदत 5 जानेवारी" असं लिहिलं आणि अकाउंट्समध्ये नक्की कुणाशी बोलू तेवढं विचारलं. तेव्हा कळलं की माझं बिल जवळपास तीन आठवडे मार्केटिंगच्या सरांच्या इनबॉक्समध्येच होतं! अकाउंट्सला ते डिसेंबरच्या शेवटी मिळालं आणि त्यावर पीओ नंबर, म्हणजे कंपनीच्या लेखी ऑर्डरचा नंबर, नव्हता म्हणून बाजूला ठेवलेलं. चूक माझीही होती, काम सुरू करताना पीओ मागायला हवा होता. पहिल्या एक-दोन रिमाइंडरला आवाज चढवू नका म्हणते ते यासाठीच, बिल असं कागदातही अडकलेलं असू शकतं आणि अकाउंट्सच्या माणसाने आपलं वाकडं केलेलं नसतं. त्याच दिवशी पीओ नंबर घालून बिल, कॅन्सल्ड चेक आणि लहान उद्योग म्हणून सरकारी नोंदणीचं उद्यम सर्टिफिकेट असं सगळं एकाच मेलमध्ये पाठवलं.

मग मात्र खरी टाळाटाळ सुरू झाली. "पुढच्या आठवड्यात", "साहेब बाहेरगावी आहेत", असं करत जानेवारी गेला. 27 जानेवारीला मी फोन केला आणि फोन ठेवल्या ठेवल्या तिसरा मेल टाकला: "आत्ता बोलल्याप्रमाणे 7 फेब्रुवारीपर्यंत पेमेंट होईल असं तुम्ही सांगितलंत, तेवढं कन्फर्म करा." फोनवरचं बोलणं असं लेखी करून ठेवायची सवय लावून घ्या, पुढे दाखवायला हेच हातात असतं. 7 तारीख गेली. वर मार्केटिंगच्या सरांचा मेसेज आला की 50 ग्रॅमचं नवीन पाऊच अर्जंट हवंय आणि जुन्या पाऊचच्या ओपन फाइल पण पाठवा. मी शांतपणे लिहिलं की जुनं बिल क्लिअर झालं की त्याच दिवशी सुरू करते. कोटेशनमध्ये आधीच लिहिलेलं होतं की पूर्ण पेमेंट झाल्यावरच ओपन फाइल आणि डिझाइनचे हक्क मिळतील. ही ओळ तुमच्या कोटेशनमध्ये नसेल तर आजच घाला.

चौथ्या रिमाइंडरच्या वेळी फेब्रुवारीच्या मध्यात अकाउंट्सकडून नवीनच ऐकलं, "डिझाइनच्या क्वालिटीबद्दल साहेबांचं काहीतरी म्हणणं आहे." मला खूप लागलं ते, पण भावनेत उत्तर दिलं नाही. इनकम टॅक्सच्या साइटवर जाऊन माझं 26एएस उघडलं, म्हणजे माझ्या नावावर कुणी किती टॅक्स कापून भरला त्याची नोंद. त्यात त्या कंपनीच्या नावापुढे 60 हजार रक्कम आणि 6 हजार टीडीएस दिसत होता, तारीख डिसेंबरचीच. म्हणजे काय, तर त्यांनी माझं पूर्ण बिल स्वतःच्या खात्यात खर्च म्हणून धरलेलं होतं, टॅक्स कापून सरकारला भरलाही होता, आणि मला तोंडी सांगत होते की कामाबद्दल तक्रार आहे. ऑक्टोबर ते डिसेंबरचं टीडीएस रिटर्न 31 जानेवारीपर्यंत भरायचं असतं, त्यामुळे अशी नोंद साधारण फेब्रुवारीत दिसायला लागते. पैसे थकले की 26एएस बघाच. 18 फेब्रुवारीच्या मेलमध्ये मी त्या पानाचा स्क्रीनशॉट आणि त्यांचा "डिझाइन अप्रूव्ह्ड, प्रिंटला पाठवा" हा मेल, दोन्ही जोडले आणि लिहिलं की टीडीएस वजा जाता 30 हजार येणं बाकी आहे. क्वालिटीचा विषय परत निघाला नाही. पैसेही आले नाहीत.

शेवटचा मेल 10 मार्चला, आणि तो मार्केटिंगला नाही, अकाउंट्सला आणि मालकांना दोघांना. तो लिहायला मला अख्खी संध्याकाळ लागली, तीनदा खोडून लिहिला, कारण रागाचं एकही वाक्य त्यात नको होतं. मजकूर असा होता:

"6 डिसेंबरच्या इनव्हॉइसचे 30 हजार रुपये 5 जानेवारीपासून येणे आहेत. माझी उद्यम नोंदणी काम सुरू होण्याआधीची आहे. एमएसएमईडी कायदा 2006 नुसार ठरलेल्या मुदतीनंतर रिझर्व्ह बँकेच्या बँक रेटच्या तिप्पट दराने, दरमहा चक्रवाढ व्याज लागू होतं. 20 मार्चपर्यंत रक्कम जमा झाली तर मी व्याज मागणार नाही. नाही झाली तर 21 मार्चला सरकारच्या समाधान पोर्टलवर व्याजासह अर्ज करेन. तसंच मायक्रो आणि स्मॉल उद्योगाचं मुदत उलटलेलं बिल 31 मार्चपर्यंत दिलं नाही तर इनकम टॅक्स कायद्याच्या कलम 43बी(एच) प्रमाणे तो खर्च तुम्हाला या वर्षी वजावटीत धरता येणार नाही, हे तुमच्या सीएंना कृपया विचारून घ्या."

बँक रेट तेव्हा 6.50 टक्के होता, म्हणजे व्याज 19.5 टक्क्यांनी. दोन महिन्यांचं जेमतेम हजार रुपये होत होतं, त्या रकमेने कुणी घाबरत नाही. माझ्या मते काम केलं ते शेवटच्या वाक्याने, कारण मार्चमध्ये प्रत्येक सीए हीच यादी काढून बसलेला असतो. एप्रिलमध्ये हेच लिहिलं असतं तर एवढा जोर आला नसता. मुदतीचं पण लक्षात ठेवा, लेखी ठरलेलं नसेल तर कायद्याने 15 दिवस, आणि ठरवलं तरी 45 च्या वर नाही. उद्यम नोंदणी फुकट आहे, `udyamregistration.gov.in` वर होते, फक्त काम घ्यायच्या आधी करून ठेवा, नंतर केली तर वाद निघतो. अर्ज केला तरी प्रकरण आधी अशा थकलेल्या बिलांचे वाद बघणाऱ्या फॅसिलिटेशन काउन्सिलपुढे समेटासाठी जातं आणि त्याला वेळ लागतो, म्हणून धमकी अशीच द्या जी तुम्ही खरंच पाळणार आहात. मी अर्जाचे सगळे कागद एका फोल्डरमध्ये तयार ठेवले होते.

19 मार्चला दुपारी एनईएफटीचा मेसेज आला, 30,000 रुपये. मी पोच दिली, आभार मानले, ओपन फाइल त्याच संध्याकाळी पाठवल्या. 50 ग्रॅमचं पाऊच पण मीच केलं, पण अटी बदलून: अर्धे पैसे आधी, 40 टक्के डिझाइन अप्रूव्ह झाल्यावर आणि राहिलेले 10 टक्के प्रिंट फाइल द्यायच्या आधी, आणि पीओ नंबर आल्याशिवाय पहिलं स्केच नाही.