गावी जायच्या आधी विकिपीडिया फोनमध्ये घेऊन ठेवा

गणपतीला कोकणात गेलं की आमच्या वाडीत नेट नसतं, म्हणून भाचीसाठी मी दादरला घरच्या वायफायवरच नेटशिवाय विकिपीडिया वाचायचं किविक्स अ‍ॅप टाकून, विकिपीडियाचे लेख एकत्र बांधलेली झिम फाईल उतरवून घेतो. साईज नावावरून कळते, `mini` म्हणजे लेखाची फक्त सुरुवात, `nopic` म्हणजे पूर्ण मजकूर पण फोटो नाहीत, `maxi` मध्ये सगळंच. इंग्रजीची `maxi` 100 जीबीच्या वर जाते, त्यामुळे मराठीची `maxi` आणि इंग्रजीची `mini` घ्या. मेमरी कार्डवर डाउनलोड बरोबर 4 जीबीला अडकलं तर कार्ड फॅट32 पद्धतीचं आहे समजा, त्यात 4 जीबीपेक्षा मोठी फाईल मावत नाही, त्यातले फोटो आधी काढून घ्या आणि एक्सफॅटमध्ये फॉरमॅट करा. निघायच्या आदल्या रात्री फ्लाईट मोड लावून दोन-चार लेख उघडून बघाच.