दुःख तुमचंही आहे, पण पत्र त्यांच्यासाठी आहे: सांत्वनाचं लिहिताना या चुका टाळा

माझा जिवलग मित्र अचानक गेला, तेव्हा त्याच्या बायकोला मी चार दिवसांनी पत्र लिहिलं. चांगलं दोन पानी होतं. आठवड्याभरात त्यांचं उत्तर आलं: "भाऊजी, स्वतःला दोष देऊ नका. ह्यांच्या मनात तुमच्याबद्दल कधीच राग नव्हता. जेवत जा वेळेवर." वाचून आधी मला बरं वाटलं आणि मग लाज वाटली. नवरा गेल्यावर ज्या आठवड्यात त्यांना उठून बसणंही जड जात असेल, त्या आठवड्यात त्यांनी माझं सांत्वन केलं होतं. ते त्यांना करावं लागलं, कारण माझ्या पत्रानं तेच मागितलं होतं.

पत्र चुकलं की नाही, हे ओळखायची यापेक्षा सोपी खूण मला माहीत नाही. पाठवण्याआधी स्वतःला विचारा: हे वाचून झाल्यावर समोरच्या माणसाला काय करावं लागेल? तुमची समजूत घालावी लागणार असेल, कशाची कबुली द्यावी लागणार असेल किंवा एखाद्या प्रश्नाचं उत्तर शोधावं लागणार असेल, तर पत्र अजून तयार नाही.

माझ्या पत्रातला मधला भाग असा होता: "वहिनी, मला अजून खरंच वाटत नाही. चार रात्री मी झोपलेलो नाही. त्या दिवशी दुपारी त्याचा फोन आला होता आणि मी मीटिंगमध्ये होतो म्हणून उचलला नाही. तो काय सांगणार होता? उचलला असता तर काही वेगळं घडलं असतं का? हा सल मला आयुष्यभर राहणार आहे. तुमचं दुःख मी समजू शकतो, कारण माझंही तेवढंच जवळचं माणूस गेलं आहे."

यातला एकही शब्द खोटा नव्हता, आणि नेमकं तेच अशा पत्रात फसवं असतं. आपण खरं लिहितोय, म्हणजे योग्यच लिहितोय असं वाटत राहतं.

सगळ्यात मोठी चूक त्या फोनची होती. अपराधीपणाची कबुली दिसायला नम्र असते, पण तिच्या पोटात मागणी असते: मला माफ करा, माझी चूक नव्हती असं म्हणा. त्यातून "उचलला असता तर" या शब्दांनी मी वहिनींच्या हातात एक नवा प्रश्न ठेवला. त्या दिवशी काय करायचं राहून गेलं याचे त्यांचे स्वतःचे प्रश्न असणारच होते. मी त्यात भर घातली. शेवटचा फोन, शेवटचा मेसेज, शेवटचं भांडण, आजाराबद्दल फक्त तुम्हालाच ठाऊक असलेली गोष्ट, यातलं काहीही पहिल्या पत्रात नको. त्यांना ते कधी जाणून घ्यावंसं वाटलं तर त्या विचारतील, तेव्हा समोर बसून सांगा. एकच अपवाद: त्यांना व्यवहारासाठी लगेच लागणारी माहिती तुमच्याकडे असेल, तर ती वेगळी कळवा. सांत्वनाच्या पत्रात मिसळू नका.

दुसरी चूक "तेवढंच" या शब्दात होती. मित्र गमावणं आणि नवरा गमावणं यांची तुलना करायला मला कुणी सांगितलं नव्हतं. "मी समजू शकतो" लिहिण्यामागे जवळीक असते, पण वाचणाऱ्याला वाटतं की आपलं दुःख मोजून झालं. मुळात माझं दुःख होतं ऑफिसात भेटणारा माणूस गेल्याचं. त्यांना घरात रोज रिकामी खुर्ची दिसणार होती.

मानसशास्त्रज्ञ सुझन सिल्क आणि मध्यस्थ म्हणून काम करणारे बॅरी गोल्डमन यांनी 2013 साली लॉस एंजेलिस टाइम्समध्ये एक साधी आकृती मांडली होती, ती इथे फार उपयोगी पडते. मध्यभागी एक वर्तुळ काढायचं आणि ज्याच्यावर प्रसंग आला आहे त्याचं नाव त्यात लिहायचं. त्याच्याभोवती दुसरं वर्तुळ सगळ्यात जवळच्यांचं, मग त्याबाहेरच्यांचं, असं करत जायचं. नियम एवढाच, की आतल्या वर्तुळाकडे धीर जाईल आणि आपली तक्रार, रडणं, भीती बाहेरच्या वर्तुळाकडे जाईल. रडायचंच नाही, असं ही आकृती सांगत नाही. कुठे रडायचं ते सांगते. फोनची गोष्ट मी आमच्या दुसऱ्या मित्राला सांगायला हवी होती. पुढे सांगितलीही, आणि त्यानं ती ऐकून घेतली.

दोघं एकाच वर्तुळात असतील तर मात्र हा नियम सैल होतो. आई गेल्यावर बहीण भावाला लिहिते, तेव्हा दोघांनीही मोकळेपणानं रडावं. तिथे फक्त आळीपाळी सांभाळायची. तुम्ही लिहिलंत की पुढचं त्यांचं ऐकायचं, आणि "आई माझ्याच जवळची होती" असा हिशेब काढायचा नाही.

आता उलटी चूक. वरचं सगळं वाचून घाबरलेला माणूस स्वतःला पत्रातून पूर्ण पुसून टाकतो: "दुःखद वार्ता समजली. आपल्या दुःखात सहभागी आहोत. ईश्वर मृतात्म्यास शांती देवो." वीस वर्षांपासूनच्या मित्राकडून असं पत्र आलं तर बाईला वाटेल, यांना काहीच वाटलं नाही का? गेलेल्या माणसावर आणखी कुणाचा जीव होता, हे कळणं हा त्यांच्यासाठी आधार असतो. त्यामुळे तुमचं दुःख पत्रात हवंच. फक्त ते एक-दोन वाक्यांत पूर्ण व्हावं, त्याला शेवटी प्रश्नचिन्ह नसावं, आणि पत्राची सुरुवात किंवा शेवट त्यावर होऊ नये.

आठवणही याच कसोटीवर निवडा. मी लिहिलेल्या आठवणीत मी त्याला नोकरीच्या अडचणीतून कसं बाहेर काढलं, ते होतं. तिचा नायक मीच होतो. वहिनींना ठाऊक नसलेली, पण ऐकून त्यांना नवरा पुन्हा क्षणभर भेटेल अशी आठवण हवी होती.

तेच पत्र आज लिहायचं तर असं लिहीन:

"वहिनी, काय लिहावं सुचत नाही, तरी लिहितोय. तो गेला हे मला फार लागलं आहे. त्याच्यासारखा मित्र मला दुसरा नव्हता. ऑफिसात जेवताना तो डबा उघडायच्या आधी झाकणाचा वास घ्यायचा आणि आज काय असेल ते ओळखायचा. चुकला की स्वतःच हसायचा. तुमच्याबद्दल बोलताना त्याचा आवाज बदलायचा, हे आम्हा सगळ्यांना माहीत होतं. ऑफिसातली त्याची कागदपत्रं आणि सामान मी नीट बांधून ठेवलं आहे; तुम्ही म्हणाल तेव्हा आणून देईन, घाई नाही. या पत्राला उत्तर लिहू नका. पुढच्या महिन्यात मी पुन्हा लिहीन."

यात "काही लागलं तर सांगा" नाही. त्या वाक्यानं काय लागेल हे शोधायचं आणि मागायचं काम त्यांच्यावरच पडतं. त्यापेक्षा तुमच्या हातात असलेलं एक नेमकं काम लिहा. आणि पुन्हा लिहीन म्हणालात तर तारीख कुठेतरी टिपून ठेवा, कारण पहिल्या महिन्यानंतर पत्रं थांबतात.

चुकीचं पत्र आधीच गेलं असेल तर? लांबलचक माफीपत्र पाठवू नका. त्यालाही पुन्हा "असू दे हो" असं उत्तर द्यावं लागतं. मी काही दिवसांनी वहिनींना चारच ओळी पाठवल्या: "मागच्या पत्रात मी माझंच फार लिहिलं. माझी काळजी करू नका, माझ्याजवळ माणसं आहेत. त्याचा एक फोटो सापडला, सोबत पाठवतोय." उत्तर आलं नाही. दोन महिन्यांनी भेटलो, तेव्हा तो फोटो कपाटाच्या काचेत आतून लावलेला होता.