बिलांच्या फोटोंचे काम हाती घेणाऱ्यासाठी: नाव, नोंद, पडताळणी आणि साठवण

नांदेडच्या या कार्यालयातील माझे काम या महिनाअखेर संपत आहे. माझ्या जागी जो कोणी येईल त्याच्यासाठी, आणि देगलूर, बिलोली, मुखेडकडच्या कृषी सेवा केंद्रांचे हिशेब कुठेही लिहू लागलेल्या नवख्यांसाठी ही टिपणी लिहीत आहे. खतावणी, जमाखर्च, विवरणपत्रे हे तुम्हाला येत असेल असे मी धरून चालते. इथे लिहायचे आहे ते दुकानदाराने मोबाईलवर काढलेला बिलाचा फोटो आपल्याकडे आल्यापासून तो कपाटात, म्हणजे फोल्डरमध्ये, जाईपर्यंत काय व्हावे याबद्दल. हे मला कोणी शिकवले नाही, आणि त्याचा त्रास मला अजून आठवतो.

सर्वांत आधी तारखेचे सांगते, कारण या कामातील बहुतेक गोंधळ तिथूनच सुरू होतो. व्हॉट्सॲपवरून आलेल्या फोटोचे नाव `IMG-20250404-WA0007.jpg` असे असते. त्यात दिसणारी ४ एप्रिल २०२५ ही बिलाची तारीख नसते, फोटो व्हॉट्सॲपवरून गेल्या-आल्याची असते. शेवटचा ०००७ हा त्या फोनवरचा त्या दिवसाचा अनुक्रम असतो, त्यामुळे तोच फोटो दुसऱ्या फोनवर वेगळ्या नावाने उतरतो. थोडक्यात, या नावातील एकही अंक बिलावरचा नसतो. तरीही फोल्डरमध्ये सगळे फोटो तारखेप्रमाणे नीट लागलेले दिसतात, आणि त्या नीटनेटकेपणावर विश्वास बसतो. मी इथे आले तेव्हा जुने फोल्डर याच तारखांवर लावलेले होते, आणि वर्षभर ते कोणाला खटकले नव्हते, कारण वर्षाच्या मधल्या महिन्यांत चार-सहा दिवसांच्या फरकाने फारसे बिघडत नाही. बिघडते ते मार्चअखेर.

एक उदाहरण पूर्ण सांगते. पुरवठादार आणि बिल क्रमांक बदलून लिहिते. हैदराबादच्या एका घाऊक विक्रेत्याने देगलूरच्या दुकानाला कीटकनाशकांचे बिल केले २९ मार्च २०२५ रोजी, शनिवारी. रविवारी गुढीपाडवा आणि सोमवारी ईद असल्याने माल उशिरा निघाला, दुकानात ३ एप्रिलला उतरला, आणि दुकानदाराने ४ एप्रिलला फोटो पाठवला. आता या एका कागदाला तीन तारखा आहेत. बिल २०२४-२५ या आर्थिक वर्षाचे आहे. विक्रेत्याने त्याचे मार्चचे विवरणपत्र ११ एप्रिलच्या मुदतीत भरले, तर हे बिल १४ एप्रिलला तयार होणाऱ्या मार्चच्या जीएसटीआर-२बीमध्ये दिसेल. माल मात्र एप्रिलमध्ये हाती आला, आणि माल मिळाल्याशिवाय कराची जमा घेता येत नाही, म्हणून जमा एप्रिलच्या विवरणपत्रात जाईल. वर्षअखेरच्या हिशेबात तो वाटेतील माल म्हणून दाखवायचा की कसे, हे सनदी लेखापाल ठरवतील, पण ते ठरवण्यासाठी त्यांना तिन्ही तारखा वेगवेगळ्या दिसल्या पाहिजेत.

फोटोच्या तारखेवर नाव ठेवले की काय होते ते पाहा. बिल एप्रिलच्या फोल्डरमध्ये, पर्यायाने पुढच्या वर्षात जाते. मार्चची २बी जुळवणारा माणूस त्याला मार्चमध्ये शोधतो, सापडले नाही म्हणून दुकानदाराला फोन करतो, आणि दुकानदार खरेच सांगतो की बिल केव्हाच पाठवले आहे. इकडे एप्रिलची जुळवणी करणाऱ्याला तेच बिल २बीत सापडत नाही, म्हणून तो विक्रेत्याने विवरणपत्र भरले नाही असा शेरा मारतो. दोघेही आपापल्या जागी बरोबर असतात, आणि २०२४-२५ ची जमा घेण्याची ३० नोव्हेंबर २०२५ ही मुदत टळू शकते. त्यानंतर ती रक्कम दुकानदाराच्या खिशातून जाते.

याच गोष्टीची दुसरी बाजू बिल क्रमांकाची आहे. जीएसटी नियम ४६ प्रमाणे बिल क्रमांक जास्तीत जास्त सोळा अक्षरांचा असतो आणि तो एका आर्थिक वर्षापुरताच एकमेव असावा लागतो. एप्रिल उजाडला की कित्येक विक्रेते पुन्हा १ पासून सुरुवात करतात. म्हणजे ‘हे बिल आधी आले आहे का’ हे तपासताना विक्रेता, बिल क्रमांक आणि आर्थिक वर्ष ही तिन्ही एकत्र पाहावी लागतात, आणि वर्षच चुकले असेल तर खरे बिल दुबार म्हणून बाजूला पडते किंवा दुबार बिल खरे म्हणून नोंदले जाते. वडील आणि मुलगा दोघेही एकाच बिलाचा फोटो पाठवतात, हे आपल्याकडे नेहमीचे आहे, त्यामुळे ही तपासणी टाळू नका.

म्हणून नावाचा नियम एवढाच: नावात जे लिहाल ते कागदावरून वाचून लिहा. वरच्या बिलाचे नाव असे आहे:

`2025-03-29_HYD03_KN~1~124_57348.jpg`

आधी बिलाची तारीख, वर्ष पुढे ठेवून, म्हणजे फाईली आपोआप कालक्रमाने लागतात. मग विक्रेत्याचा आपण दिलेला संकेत, मग बिल क्रमांक, शेवटी एकूण रक्कम. कागदावर क्रमांक KN/1/124 असा आहे, परंतु विंडोज फाईलच्या नावात तिरकी रेघ स्वीकारत नाही. ती नुसती गाळू नका. गाळली तर 1/12 आणि 11/2 ही दोन वेगळी बिले 112 या एकाच क्रमांकाची दिसतात. तिच्या जागी आडवी रेघही नको, कारण आडवी रेघ मूळ क्रमांकात असू शकते. नियमाने क्रमांकात अक्षरे, अंक, आडवी रेघ आणि तिरकी रेघ एवढेच चालते, म्हणून `~` हे चिन्ह तिथे कधी येणार नाही, आणि ते दिसले की मूळ तिरकी रेघ होती हे निश्चित कळते. माल पोचल्याची तारीख आणि फोटोची तारीख नावात नाही, त्या एक्सेलच्या नोंदवहीत स्वतंत्र रकान्यांत आहेत.

फोटोतून मजकूर काढण्यासाठी आपण ओसीआर वापरतो, आणि छापील बिलांवर ते चांगले चालते. तरी ते काय वाचते हे तुम्ही पाहिलेच पाहिजे. तिरकी रेघ त्याला १ वाटते, मग KN/1/124 चे KN111124 होते. जीएसटी क्रमांकात ओ आणि शून्य, एस आणि ५, बी आणि ८ यांची अदलाबदल होते, पण तिथे जागाच आपल्याला सांगते: पंधरापैकी पहिले दोन अंक राज्याचे, पुढची दहा जागा पॅनची, त्यातील पहिली पाच अक्षरे, मग चार अंक, मग एक अक्षर. अक्षराच्या जागी अंक आला तर वाचन चुकले. पहिले दोन अंक कराशीही जुळले पाहिजेत. आपल्या दुकानांना २७ ने सुरू होणाऱ्या विक्रेत्याकडून सीजीएसटी आणि एसजीएसटी लागतो, आणि ३६ म्हणजे तेलंगणातून आलेल्या मालावर आयजीएसटी. सीमेजवळच्या तालुक्यांत ही खूण फार उपयोगी पडते.

हमालीच्या आणि टेम्पोभाड्याच्या हस्तलिखित पावत्या मात्र ओसीआरला देऊच नका. भाषा इंग्रजी ठेवली असेल तर मराठी १ त्याला 9 दिसतो आणि ४ चा 8 होतो. त्या पावत्या डोळ्यांनी वाचून हाताने भराव्यात, वेळ लागला तरी हरकत नाही.

रकमेची तपासणी दोन गुणाकार-बेरजांची आहे. वरच्या बिलावर करपात्र रक्कम ४८,६०० होती, कीटकनाशकावर १८ टक्के म्हणजे ८,७४८ कर, आणि एकूण ५७,३४८. कागदाची घडी नेमकी आठावर पडल्यामुळे ओसीआरने ४६,६०० वाचले. त्याचे १८ टक्के ८,३८८ होतात, कराच्या ओळीशी जुळत नाहीत, आणि बेरीजही ५५,३४८ येते. एकूण रकमेशी फरक बरोबर २,०००, म्हणजे हजाराच्या जागचा एकच अंक चुकला असावा, आणि फोटोत तिथेच पाहायचे. फरकाला ९ ने पूर्ण भाग जात असेल तर आधी दोन अंकांची अदलाबदल झाली आहे का ते पाहावे. एकाच बिलावर कीटकनाशक १८ टक्के, खत ५ टक्के आणि करमुक्त बियाणे असे असेल तर प्रत्येक दराचा गट वेगळा तपासावा, एकूण बेरजेवर समाधान मानू नये.

नोंदवहीत बिल क्रमांकाचा रकाना चिकटवण्याआधीच ‘टेक्स्ट’ करून ठेवा. नाहीतर एक्सेल 3/25 ची तारीख करून टाकते, आणि नंतर रकान्याचा प्रकार बदलला तरी मूळ क्रमांक परत येत नाही.

इथे माझे मत स्पष्ट लिहिते. तुम्हाला अनेक जण सांगतील की २बी उतरवून घ्यावी, तिच्यावरूनच खरेदी भरावी, फोटो पाहत बसू नये. हे सांगणारी माणसे अनुभवी असतात, तरी ऐकू नका. २बी विक्रेत्याचे म्हणणे सांगते. माल उतरला का, किती पेट्या कमी आल्या, हे तिच्यात नसते. ते बहुधा बिलाच्या मागे पेनाने लिहिलेले असते, म्हणून दुकानदाराकडून मागच्या बाजूचाही फोटो मागून घ्या आणि नावाला `_p2` जोडा. पहिले काही आठवडे तुमचा वेग फार कमी असेल आणि कोणीतरी तो बोलून दाखवेल. त्याने घाबरू नका. विक्रेत्यांची बिले ओळखीची झाली की हात आपोआप चालतो.

साठवणीत एकच कडक नियम आहे: आलेला मूळ फोटो `00_mool` या फोल्डरमध्ये जसाच्या तसा राहतो, त्याचे नाव बदलायचे नाही, कापायचा नाही, सरळ करायचा नाही. नाव दिलेली प्रत दुकान, आर्थिक वर्ष, महिना या क्रमाने ठेवलेल्या फोल्डरमध्ये जाते. दुकानदारांना फोटो ‘डॉक्युमेंट’ म्हणून पाठवायला सांगा, त्यामुळे व्हॉट्सॲप तो दाबून अस्पष्ट करत नाही. दर शनिवारी दोन्ही फोल्डर बाहेरच्या डिस्कवर उतरवले जातात, आणि ती डिस्क उतरवण्यापुरतीच संगणकाला जोडायची. कायद्याने नोंदी वार्षिक विवरणपत्राच्या मुदतीपासून ७२ महिने ठेवाव्या लागतात. २०२४-२५ साठी ती मुदत ३१ डिसेंबर २०२५ होती, म्हणजे ३१ डिसेंबर २०३१ पर्यंत काही पुसायचे नाही. थर्मल कागदावरच्या पावत्या त्याच्या फार आधी कोऱ्या होतात, म्हणून त्यांचे फोटो आल्या आठवड्यातच तपासा आणि अस्पष्ट असेल तर कागद शिल्लक असतानाच पुन्हा मागवा.

ज्या बिलांत काही जुळत नाही ती `99_thamble` फोल्डरमध्ये आहेत, आणि प्रत्येकासमोर नोंदवहीत कारण लिहिले आहे. अंदाजाने अंक भरून एकही बिल त्यातून बाहेर काढू नका. १४ तारखेला नवी २बी आली की आधी हा फोल्डर उघडा, मग नवीन बिले घ्या. सध्या त्यात मुखेडच्या दुकानाची जी बिले आहेत त्यांच्या मालपोचीच्या तारखा दुकानदाराने अजून कळवलेल्या नाहीत, त्या मागायच्या आहेत.